रद्द होणारं वन-टू-वन आणि बुधवारची पंचवीस मिनिटं

सोमवारी अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना चॅटवर मेसेज येतो : ‘सॉरी, रिव्ह्यू कॉल आलाय. आजचं आपलं पुढच्या आठवड्यात करूया.’ उत्तरही ठरलेलं असतं : ‘नो प्रॉब्लेम सर.’ हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत, बेंगळुरूच्या टेक पार्कमध्ये, जिथे जिथे टीम आणि मॅनेजर अशी रचना आहे तिथे हा संवाद आठवड्याला कितीतरी वेळा होतो. पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. उत्तर देणाराही खोटं बोलत नसतो. त्या एका सोमवारी खरंच मोठं काही बिघडलेलं नसतं. पण हे तिसऱ्यांदा, चौथ्यांदा घडलं की ती मीटिंग कॅलेंडरवर नावापुरती उरते, आणि ती पुन्हा सुरू करा असं साहेबांना सांगायचं कसं, या विचारात बरेच जण महिनोन्महिने गप्प राहतात.

वन-टू-वन म्हणजे मॅनेजर आणि त्याच्या टीममधला एक जण यांची दोघांचीच ठरावीक बैठक. ही पद्धत जगभर रुजली त्यात इंटेल कंपनीच्या अँडी ग्रोव्ह यांचा मोठा हात आहे. ते कंपनीचे अध्यक्ष असताना, १९८३ मध्ये, त्यांचं ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ हे पुस्तक आलं. त्यात या बैठकीवर त्यांनी सविस्तर लिहिलं आहे. त्यांचा हिशेब साधा होता : मॅनेजरने दिलेली दीड तासाची एक बैठक समोरच्याच्या पुढच्या दोन आठवड्यांच्या, म्हणजे ऐंशीएक तासांच्या कामाचा दर्जा बदलू शकते. इतक्या थोड्या वेळाचा इतका परिणाम देणारं दुसरं काम मॅनेजरच्या दिवसात क्वचितच सापडेल.

ग्रोव्ह यांचा दुसरा मुद्दा आपल्या विषयासाठी जास्त कामाचा आहे. ही बैठक मॅनेजरची नाही, हाताखालच्या माणसाची आहे, असं ते स्पष्ट लिहितात. काय बोलायचं ते त्याने ठरवायचं, मुद्दे त्याने काढून आणायचे. याचा सरळ अर्थ असा, की ती वारंवार रद्द होत असेल तर त्याबद्दल बोलणं म्हणजे वरच्याच्या कामात नाक खुपसणं नव्हे. जी बैठक चालवणं आपल्याकडे आहे, तिची जागा हलली आहे एवढंच सांगायचं असतं.

मग ती रद्द का होते? हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच कंपन्यांच्या प्रमुखांच्या मागे प्रत्येकी आठवडाभर राहून त्यांच्या कामाच्या नोंदी केल्या. १९७३ मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यांना आढळलं, की या प्रमुखांची निम्मी कामं नऊ मिनिटांपेक्षाही कमी चालत, आणि तासाच्या वर जाणारी कामं दहा टक्केच असत. दिवसाचे असे तुकडे पडलेले असले, की माणूस वेळ कुठून काढतो? जिथे लगेच कुणी ओरडणार नाही तिथून. क्लायंटचा कॉल टाळला तर तासाभरात मेल येतो. वरच्या साहेबांचा रिव्ह्यू चुकवता येत नाही. उरतं ते टीममधल्या समजूतदार माणसाबरोबरचं वन-टू-वन. ते टाळलं तर उत्तर येतं ‘नो प्रॉब्लेम सर’. म्हणजे या टाळण्याची किंमत मॅनेजरपर्यंत पोहोचतच नाही. ती समोरच्याकडे साचत राहते. हळुवारपणे बोलायचं म्हणजे दोष न देता ती किंमत त्याच्या नजरेस आणायची आणि त्याच दमात एक होण्याजोगी सोय पुढे ठेवायची.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका उदाहरणावरून बघू. उदाहरण कुणा एकीचं नाही. अनेक टीममध्ये दिसणारी परिस्थिती एकत्र करून मांडलं आहे. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत पेमेंटच्या अ‍ॅपवर काम करणारी एक टेस्ट इंजिनिअर. तिच्या हाताखाली दोन टेस्टर. मॅनेजरकडे तिच्यासह आठ जण. तिचं वन-टू-वन दर सोमवारी अकरा ते साडेअकरा.

पहिलं काम बोलण्याचं नव्हे, मोजण्याचं. ‘सारखंच रद्द होतं’ ही भावना असते आणि ती आठवणीवर चालते. आठवणीत रद्द झालेले दिवसच ठळक राहतात. आउटलुक असो वा गूगल कॅलेंडर, रद्द केलेल्या मीटिंगचा मेल येतो आणि इंग्रजी सेटिंग असेल तर त्याच्या विषयात बहुधा `Canceled` हा शब्द असतो. मेलबॉक्समध्ये तो शोधला आणि चॅटमधले मेसेज वर जाऊन पाहिले, की दहा मिनिटांत खरं चित्र हाती येतं. आपल्या इंजिनिअरला ते असं दिसलं : आठ आठवड्यांत मीटिंग तीनदा पूर्ण झाली, एकदा दहा मिनिटांत आटोपली, चारदा रद्द झाली. आणि शोधायच्या आधी लक्षात न आलेली एक गोष्टही दिसली. चारही वेळा कारण तेच होतं. डिलिव्हरी हेडचा सोमवारचा रिव्ह्यू पूर्वी दहाला असायचा, तो दोन महिन्यांपूर्वी अकरावर सरकला होता.

इथे तिची तक्रारच बदलली. ‘सरांना माझ्यासाठी वेळ नाही’ असं जे वाटत होतं, ते प्रत्यक्षात ‘सोमवारी अकरा ही वेळ आता निकामी झाली आहे’ असं निघालं. पहिलं वाक्य बोलायला जीभ रेटत नाही. दुसरं सहज बोलता येतं. मोजणीचा उपयोग साहेबांसमोर पुरावा ठेवण्यापेक्षा आपला समज तपासण्यासाठी जास्त होतो. कधी उलटंही निघतं : आठपैकी दोन रद्दबातल आपल्या स्वतःच्या रजेमुळे झालेल्या असतात. तेही बोलण्याआधी कळलेलं बरं.

याच टप्प्यावर आणखी एक चौकशी करावी, पण गाजावाजा न करता. टीममधल्या एखाद्या जवळच्या सहकाऱ्याला विचारावं, की तुझं वन-टू-वन होतं का रे? सगळ्यांचीच रद्द होत असतील तर प्रश्न वेळेचा आहे आणि पुढची सगळी पद्धत लागू पडते. इतरांची नियमित होतात आणि एकट्याचीच पडते, असं दिसलं तर मात्र नवा स्लॉट मागून भागणार नाही. तिथे आधी ‘माझ्या कामाबद्दल तुमच्या मनात काही आहे का?’ हा वेगळाच, अवघड प्रश्न विचारावा लागतो.

आता किंमत. रद्द झालेल्या मीटिंगमुळे नेमकं काय अडलं? ‘संवाद कमी होतो’ असं सांगून काही हलत नाही. मॅनेजर मान डोलावतो आणि विसरतो. आपल्या इंजिनिअरने चार ओळी लिहिल्या. एका ऑटोमेशन टूलच्या लायसन्सला मॅनेजरचा होकार हवा होता. तो विषय तीन आठवडे पुढे ढकलला गेला, आणि तेवढ्यात झालेल्या दोन रिलीजचं रिग्रेशन टेस्टिंग दोघा टेस्टरना हाताने करावं लागलं, दर वेळी दोन दिवस. दुसरं : टेस्टरपैकी एक जण दिवाळीत लांब रजेवर जाणार होता आणि बदली माणूस ठरलेला नव्हता. तिसरं तिचं स्वतःचं होतं. तिला लीडचं काम हवं होतं आणि ते अप्रेझलचा फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी बोलायचं होतं. या तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे. त्या महत्त्वाच्या आहेत, पण कुठल्याच एका दिवशी तातडीच्या नाहीत. सकाळच्या स्टँड-अपला त्या दहा जणांत निघत नाहीत, आणि चॅटवर दोन ओळींत मावत नाहीत. वन-टू-वन असतं ते यांच्यासाठीच.

यानंतर मॅनेजरच्या कॅलेंडरात जागा शोधायची. बहुतेक कंपन्यांत एकमेकांची मोकळी आणि भरलेली वेळ दिसते. एकाच आठवड्याकडे न बघता मागचे चार-पाच आठवडे पाहावेत; जो चौकोन सलग रिकामा दिसतो तो खरा रिकामा. इथे आपल्याकडच्या आयटी कंपन्यांना एक खास गोष्ट लागू होते, ती म्हणजे क्लायंटचं घड्याळ. आपल्या इंजिनिअरच्या मॅनेजरचा क्लायंट न्यूयॉर्कच्या बाजूचा. तिथले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. त्यामुळे त्याची संध्याकाळ कॉलनी भरलेली, सकाळ आतल्या रिव्ह्यूंनी. दुपारी तीनला मात्र तिकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि कुणीही फोन करत नाही. बुधवार दुपारी तीन हा चौकोन पाचही आठवडे रिकामा होता.

क्लायंट लंडनचा असता तर हीच वेळ फसली असती. दुपारी तीनला तिथे ऑफिस नुकतंच सुरू होऊन रंगात आलेलं असतं. तिथल्यांसाठी आपली सकाळची अकराची वेळ जास्त सुरक्षित. शिवाय ही घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात. ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. भारताचं घड्याळ जागेवर राहतं. लंडनच्या वेळेनुसार सकाळी नऊला लावलेला कॉल उन्हाळाभर आपल्याकडे दीडला येतो आणि ऑक्टोबरअखेर एकदम अडीचवर येऊन बसतो. अडीचचं जे वन-टू-वन सहा महिने सुरळीत चाललं, ते नोव्हेंबरात ‘सारखं रद्द’ व्हायला लागतं, त्यामागे अनेकदा एवढंच असतं.

बोलायचं कधी? रद्द झाल्याच्या दिवशी नाही. त्या दिवशी शब्द कितीही गोड असले तरी आवाजात ती दुपार उतरते, आणि मॅनेजरही त्या वेळी दुसऱ्या आगीत असतो. स्टँड-अपला नाही, टीमच्या रेट्रोत तर नाहीच. चारचौघांत निघाल्यावर साधी विनंतीसुद्धा उलटतपासणीसारखी वाटते. अप्रेझलच्या आठवड्यातही नको, कारण तिथे प्रत्येक वाक्याला मागणीचा वास येतो. लांबलचक मेलही टाळावा. तारखांसकट लिहिलेला मेल वाचताना हा माणूस नोंद करून ठेवतोय, असंच कुणालाही वाटेल. मधल्या एखाद्या शांत दिवशी छोटासा मेसेज पुरतो :

‘सर, आपल्या वन-टू-वनच्या वेळेबद्दल थोडं बोलायचं होतं. तातडीचं नाही. उद्या किंवा परवा दहा मिनिटं मिळतील का?’

‘तातडीचं नाही’ हे शब्द इथे गरजेचे आहेत. आयटीत कुणी अचानक ‘थोडं बोलायचं होतं’ म्हटलं, की मॅनेजरला पहिली शंका राजीनाम्याची येते. विषय आधीच सांगितला की तो मोकळा बसतो.

प्रत्यक्ष भेटीत आपली इंजिनिअर साधारण असं बोलते :

‘सर, सोमवारचा रिव्ह्यू अकरावर आल्यापासून आपलं वन-टू-वन होणं अवघड झालंय. तुम्हाला तिथून उठता येणार नाही, हे मला दिसतंय. पण त्यामुळे काही गोष्टी माझ्याकडे अडून राहतात. लायसन्सचं तीन आठवडे राहिलं, तेवढ्यात दोन रिलीज हाताने कराव्या लागल्या. बुधवारी तीनला तुमचं कॅलेंडर बहुतेक मोकळं असतं. तिथे पंचवीस मिनिटं ठेवूया का? एखाद्या बुधवारी नाहीच जमलं, तर त्याच आठवड्यात शुक्रवारपर्यंत सरकवू, रद्द नको करायला. सहा आठवडे करून बघू आणि मग ठरवू.’

एवढंच. सावकाश बोललं तरी मिनिटभराच्या आत संपतं. त्यात ‘तुम्ही रद्द करता’ असं कुठेही नाही. रिव्ह्यू सरकला, वेळ अवघड झाली. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द मुद्दाम टाळलेले आहेत, कारण ते उच्चारले की समोरचा लगेच अपवाद आठवून सांगतो : ‘अगं, मागच्या महिन्यात तर झालं होतं ना!’ आणि मग बोलणं हिशेबावर घसरतं. आठपैकी तीन हा आकडाही तिने काढलेला नाही. विचारलं तर तो तिच्याजवळ आहे. न विचारता काढला तर तो टोचतो.

आपल्याकडे याच्या उलट चूकही तेवढीच होते. मृदूपणाच्या नादात मागणीच विरघळून जाते. ‘सर, काही नाही, असंच… आपलं वन-टू-वन… म्हणजे तुम्ही बिझी असता हे माहितीये… जमेल तसं बघा.’ यात वार नाही, वेळ नाही, काय अडलं तेही नाही. मॅनेजर मनापासून ‘हो हो, बघू ना’ म्हणतो आणि त्याला खरंच वाटतं की विषय मिटला. हळुवारपणा सुरात असावा; मागणी मात्र वार, वेळ आणि मिनिटांसकट नेमकी असावी.

मॅनेजर बहुधा चिडत नाहीत. बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते, ‘अरे, माझ्या लक्षातच नाही आलं.’ त्यानंतर मात्र दोन ठरलेली उत्तरं येतात, आणि दोन्ही चांगल्या मनाने दिलेली असतात म्हणूनच त्यांना तोंड देणं अवघड जातं.

पहिलं : ‘काही असलं की पिंग करत जा ना, मी कायम अव्हेलेबल आहे.’ इथे ‘ठीक आहे सर’ म्हटलं की सगळं होतं तिथेच परत येतं. उत्तर असं देता येतं : ‘पिंग मी करतेच सर, काही अडलं की. पण जे अजून अडलेलं नाही आणि महिन्याभरात अडणार आहे, ते पिंगवर आणता येत नाही. दिवाळीच्या रजेचंच बघा.’ उदाहरण हातात असलं की हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

दुसरं : ‘माझ्याकडे आठ जण आहेत गं, दर आठवड्याला कसं जमणार?’ याचा विचार खरंच करायला हवा. आठ जणांना पंचवीस मिनिटं म्हणजे आठवड्याला तीन तास वीस मिनिटं. हे होण्यासारखं आहे. पण चौदा जण आणि प्रत्येकी अर्धा तास धरला तर सात तास जातात, जवळजवळ कामाचा एक अख्खा दिवस. तिथे दर आठवड्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ग्रोव्ह यांनीही किती वेळाने भेटायचं याचा सगळ्यांना एकच नियम सांगितलेला नाही. जो त्या कामात नवा आहे त्याला वरचेवर भेटावं, जो मुरलेला आहे त्याला कमी वेळा भेटलं तरी चालतं, असं त्यांचं म्हणणं. बैठक मात्र निदान तासभराची हवी, कारण वेळ थोडा असला की समोरचा झटपट उरकणारेच विषय काढतो, असा त्यांचा अनुभव होता. दर आठवड्याची पंचवीस मिनिटं ही या सल्ल्याच्या मानाने तडजोडच आहे. ती चालते, कारण पुढची खेप सातच दिवसांवर असते. मॅनेजरकडे माणसं जास्त असतील तर ‘पंधरा दिवसांनी करू, पण पन्नास मिनिटं आणि नक्की’ हा प्रस्ताव दोघांनाही सोसतो. आठवड्याला ठरून महिन्यातून एकदा होणाऱ्या मीटिंगपेक्षा पंधरा दिवसांनी ठरून खरोखर होणारी कितीतरी बरी.

काही ठिकाणी तिसरंही उत्तर मिळतं : ‘कंपनी मीटिंग कमी करायला सांगतेय.’ कॅनडाच्या शॉपिफाय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये सगळ्यांच्या कॅलेंडरवरून नियमित मीटिंग सरसकट पुसून टाकल्या, तेव्हा त्याची जगभर चर्चा झाली. पण त्या मोहिमेतही कात्री लागली ती तीन किंवा जास्त माणसांच्या नियमित मीटिंगना. दोघांच्या भेटी त्यांनी राहू दिल्या.

होकार मिळाला, हे ओळखायचं कसं? ‘चालेल’ या शब्दावरून नाही. त्याच दिवशी कॅलेंडरवर नवं निमंत्रण गेलं आणि ते स्वीकारलं गेलं, की होकार खरा. हे निमंत्रण शक्यतो कर्मचाऱ्याने स्वतः पाठवावं. जो निमंत्रण तयार करतो त्याच्याकडे मीटिंग सरकवण्याचा अधिकार असतो. मॅनेजरने पाठवलेलं असेल तर तो ती एका क्लिकमध्ये पुसू शकतो आणि समोरच्याच्या हातात काही उरत नाही. कर्मचाऱ्याने पाठवलेलं असेल तर मॅनेजर फार तर ‘येऊ शकत नाही’ असं कळवतो. मीटिंग जागेवर राहते आणि ती उचलून गुरुवारी चारला ठेवणं कर्मचाऱ्याला लगेच जमतं. जुनं सोमवारचं निमंत्रणही त्याच वेळी काढून टाकायला सांगावं. दोन्ही राहिली तर काही आठवड्यांनी कुणालाच कळत नाही की खरी कुठली.

‘सरकवू, पण रद्द नको’ ही अट या सगळ्या मांडणीचा कणा आहे. ग्रोव्ह स्वतः ठरावीक वाराच्या बाजूचे नव्हतेच. एक बैठक संपताना पुढची ठरवावी, म्हणजे दोघांचे दौरे, रजा, इतर कामं लक्षात घेता येतात आणि रद्द करायची वेळ येत नाही, असं ते सांगत. वार पक्का केला आणि नेमकी त्या वारी सुट्टी आली की बैठक बुडते, हा त्यांचा आक्षेप. तो बरोबर आहे. पण ज्या ऑफिसात पुढच्या बुधवारचा चौकोन सोमवारीच कुणीतरी भरून टाकतं, तिथे मोकळी सोडलेली वेळ मोकळी राहत नाही. म्हणून दोन्ही जोडावं लागतं : चौकोन अडवून ठेवायचा, आणि दर वेळी उठता उठता विचारायचं, ‘सर, पुढचा बुधवार आहे ना?’ रिलीज असेल, सुट्टी असेल, तर तिथेच नवी वेळ ठरते. हा प्रश्न विचारायला काही सेकंद पुरतात. त्या क्षणी मॅनेजर समोर बसलेला असतो आणि कॅलेंडर उघडं असतं. दोन मिनिटं आधी आलेल्या चॅटवर हे होत नाही.

स्लॉट मिळाल्यानंतर तो टिकणार की नाही, हे बरंचसं आत काय बोललं जातं त्यावर ठरतं. ‘हे झालं, ते झालं, ते उद्या होईल’ असा नुसता कामाचा पाढा ऐकायला मिळाला, तर मॅनेजरला वाटतं की हे सगळं स्टँड-अपला कळतंच. आणि पुढच्या वेळी तीच मीटिंग तो आधी सोडतो. त्यात त्याचं चुकत नाही. ग्रोव्ह यांनी सुचवलेली एक साधी सवय इथे उपयोगी पडते. महत्त्वाचा पण तातडीचा नसलेला विषय सुचला की तो दोघांनीही एका ठिकाणी टिपून पुढच्या भेटीपर्यंत राखून ठेवायचा. आज त्यासाठी दोघांना उघडता येणारं एक साधं डॉक्युमेंट पुरतं. आपली इंजिनिअर बुधवारी सकाळी त्यातल्या तीन ओळी वर घेते : एक निर्णय जो तिला आज हवा आहे, एक अडचण जी येऊ घातली आहे, आणि एक तिची स्वतःची बाब. निर्णयाचा विषय पहिला. पंचवीसपैकी दहा मिनिटांतच कॉल आला तरी तेवढं होऊन जातं. आणि लायसन्सला होकार मिळाला, की पुढच्या बुधवारी ती आवर्जून सांगते, ‘सर, या वेळी रिग्रेशन अर्ध्या दिवसात झालं.’ मीटिंगमधून काय निघालं हे मॅनेजरला दिसणं फार गरजेचं आहे, कारण आजवर त्याला मीटिंग न झाल्याची किंमतही दिसत नव्हती आणि झाल्याचा फायदाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. सहापैकी पाच झाल्या आणि त्यातल्या दोन गुरुवारी-शुक्रवारी सरकून झाल्या, तर व्यवस्था चालली आहे. सरकणं हे अपयश नव्हे. मॅनेजरने स्वतःहून डॉक्युमेंटमध्ये मुद्दे लिहायला सुरुवात केली, तर ती मीटिंग आता त्यालाही हवी आहे. सहापैकी दोनच झाल्या, तर दुसरं बोलणं पहिल्यापेक्षा लहान आणि सरळ असावं : ‘सर, बुधवारही जमत नाहीये. पंधरा दिवसांनी करूया का, की रजा आणि लायसन्ससारखे निर्णय मी दुसऱ्या कुणाकडून घेऊ?’ या प्रश्नातून कधी कधी नवीनच वाट निघते. मॅनेजर एखाद्या सीनियर लीडला ते अधिकार देतो, आणि काम तरी अडत नाही.

याही पुढे मर्यादा आहेत. कंपनीत फेररचना चालू असेल, मॅनेजर स्वतःच दुसऱ्या प्रोजेक्टवर निघाला असेल, तर कितीही नेमका स्लॉट टिकणार नाही. तिथे काही आठवडे थांबून नव्या माणसाबरोबर पहिल्याच भेटीत वेळ ठरवून घेणं जास्त शहाणपणाचं. वरच्या साहेबांकडे जाणं हा शेवटचा मार्ग. तोही दोनदा थेट बोलून झाल्यावर, आणि तिथे मांडायचे ते अडलेले निर्णय, रद्द झालेल्या मीटिंगची यादी नाही. ‘आमच्या दोन टेस्टरना रजेची बदली अजून ठरलेली नाही आणि दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय, कुणाशी बोलू?’ हा प्रश्न वरिष्ठांना उत्तर देण्याजोगा असतो. शक्य असेल तर तो विचारण्याआधी आपल्या मॅनेजरला तसं सांगूनच जावं : ‘सर, हे आता थांबवता येत नाही, मी वर विचारते, चालेल ना?’ बऱ्याचदा या वाक्यानंतर त्याच दुपारी अर्धा तास निघतो.